एंडपॉइंटला रेघ का वळते? तीव्र आम्ल, तीव्र आम्लारी आणि वाहकतेचा आलेख

बीकरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्लाचं पातळ द्रावण आहे. त्यात वाहकता मोजणारा सेल बुडवलेला आहे आणि वर ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आहे. एकेक मिली सोडत मीटरवरचा आकडा लिहीत गेलं, की तो आधी झपाट्याने उतरतो, एका ठिकाणी तळ गाठतो आणि तिथून पुन्हा चढायला लागतो. हे आकडे आलेखावर मांडले की दोन सरळ रेघा दिसतात, एक उतरती आणि एक चढती. त्या जिथे भेटतात तो एंडपॉइंट.

यात चकवणारी गोष्ट पहिल्या रेघेत आहे. द्रावणात वीज वाहून नेण्याचं काम आयन करतात. ब्युरेटमधून आपण सोडियम आणि हायड्रॉक्साइड हे आयनच ओततोय. मग वाहकता वाढायला हवी, ती कमी का होते? या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की उतार का बदलतो, तो नेमका त्याच ठिकाणी का बदलतो, आणि आलेख बिघडला तर कशामुळे बिघडला, हे सगळं त्यातूनच उलगडतं.

उत्तरासाठी बीकरमध्ये कोण आलं आणि कोण गेलं याचा हिशेब मांडू. सुरुवातीला तिथे हायड्रोजन आयन आणि क्लोराइड आयन आहेत. सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब पडला की त्यातला हायड्रॉक्साइड लगेच एका हायड्रोजन आयनला गाठतो आणि दोघांचं पाणी होतं. पाण्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे वाहकतेच्या दृष्टीने ते दोघेही बाद. सोबत आलेला सोडियम मात्र द्रावणात राहतो. क्लोराइड आधी जेवढा होता तेवढाच असतो.

म्हणजे एंडपॉइंटपर्यंत आयनांची एकूण संख्या वाढतही नाही आणि घटतही नाही. फक्त अदलाबदल होते: एक हायड्रोजन आयन जातो आणि त्याच्या जागी एक सोडियम आयन येतो. हे दोघे वीज वाहून नेण्यात सारखे असते तर मीटरचा आकडा जागचा हलला नसता. पण त्यांच्यात प्रचंड फरक आहे. २५ अंश सेल्सिअसला, अतिविरल द्रावणात, प्रत्येक आयनाची मोलर वाहकता पाहिली तर हायड्रोजनची सुमारे ३५०, हायड्रॉक्साइडची सुमारे १९९, क्लोराइडची ७६ आणि सोडियमची अवघी ५० भरते. चौघांचं एकक एकच असल्याने इथे नुसते आकडे पुरेत. सातपट चांगला वाहक जातो आणि त्याच्या जागी साधा वाहक येतो, म्हणून रेघ उतरते.

हायड्रोजन आयन शेवटचा संपला, की ही अदलाबदल थांबते. आता येणाऱ्या हायड्रॉक्साइडला गाठायला कोणी उरलेलं नसतं. तो आणि सोबतचा सोडियम दोघेही द्रावणात साठत जातात. इथून पुढे काही वजा होत नाही, नुसती भर पडते, आणि भर घालणाऱ्यांमध्ये हायड्रॉक्साइड हा दुसऱ्या क्रमांकाचा वेगवान आयन आहे. म्हणून रेघ चढते.

हायड्रोजन आयन इतका पुढे का, हेही सांगायला हवं. तो पाण्यातून वाट काढत एकटा पोहत जात नाही. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. एका रेणूवर जादा प्रोटॉन आला की तो शेजाऱ्याकडे एक प्रोटॉन सरकवतो, शेजारी त्याच्या पुढच्याकडे. विहिरीपासून रांग करून बादल्या हातोहात पुढे देतात, तेव्हा माणसं जागेवरच असतात पण पाणी पुढे पोचतं, तसंच. या कल्पनेचं मूळ थिओडोर ग्रोटहुस यांच्या १८०६ मधल्या मांडणीत आहे आणि आजही ही यंत्रणा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हायड्रॉक्साइडही असाच चालतो, फक्त तिथे प्रोटॉन उलट्या दिशेने सरकतो. सोडियमला ही सोय नाही. त्याला स्वतःभोवती चिकटलेले पाण्याचे रेणू ओढत खरोखरच जावं लागतं.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी घेऊ. अज्ञात हायड्रोक्लोरिक आम्लाचे १० मिली पिपेटने बीकरमध्ये घेतले आणि इलेक्ट्रोड पूर्ण बुडावेत म्हणून ४० मिली डिस्टिल्ड पाणी घातलं. एकूण ५० मिली झाले. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आहे. हिशेब दिसावा म्हणून असं धरू, की मूळ आम्ल ०.०५ मोलर होतं, म्हणजे बीकरमध्ये ०.५ मिलिमोल आम्ल आहे आणि तिथली संहती ०.०१ मोलर आहे. एंडपॉइंट ५ मिलीला यायला हवा.

वाहकता काढायची सोपी रीत अशी: प्रत्येक आयनाची मोलर संहती त्याच्या वरच्या आकड्याने गुणायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. उत्तर थेट मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये मिळतं. सुरुवातीला हायड्रोजनचे ३.५० आणि क्लोराइडचे ०.७६, एकूण ४.२६. यात पाच भागांतले चार भाग एकट्या हायड्रोजनचे आहेत, हे लक्षात घ्या. ओतलेल्या द्रावणाने आकारमान वाढतं ते क्षणभर बाजूला ठेवलं, तर एंडपॉइंटला हायड्रोजन शून्य, सोडियम ०.५०, क्लोराइड ०.७६, म्हणजे १.२६ उरतात. ही निव्वळ मिठाच्या पाण्याची वाहकता. आणखी ५ मिली ओतले की सोडियम १.००, क्लोराइड तेच ०.७६ आणि हायड्रॉक्साइड १.९९, एकूण ३.७५.

उतारही यावरून काढता येतात. एक मिलीमध्ये ०.१ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड येतं, ते ५० मिलीत मिसळलं की संहतीत ०.००२ मोलरचा बदल होतो. एंडपॉइंटच्या आधी ५० ची भर आणि ३५० ची वजाबाकी, म्हणून दर मिलीला ०.००२ गुणिले उणे ३००, म्हणजे उणे ०.६००. एंडपॉइंटनंतर ५० आणि १९९ दोन्हींची भर, म्हणून दर मिलीला अधिक ०.४९८. क्लोराइड दोन्ही उतारांत कुठेच येत नाही. तो सगळा आलेख ०.७६ ने वर उचलून धरतो, एवढंच त्याचं काम.

इथून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही टेबलापाशी उपयोगी पडतात. पहिली अशी, की डावी रेघ उजवीपेक्षा जास्त तीव्र असायला हवी, साधारण १.२ पटीने. उजवी रेघ याहून फारच आडवी आली तर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये काहीतरी गडबड आहे किंवा आकारमानाची दुरुस्ती राहून गेली आहे. दुसरी अशी, की उलट बाजूने टायट्रेशन केलं, म्हणजे आम्लारी बीकरमध्ये आणि आम्ल ब्युरेटमध्ये, तर चित्र बदलतं. तेव्हा आधी हायड्रॉक्साइड जाऊन क्लोराइड येतो, उतार फक्त उणे १२३ च्या प्रमाणात. नंतर हायड्रोजन आणि क्लोराइड साठतात, उतार अधिक ४२६ च्या प्रमाणात. डावी रेघ सौम्य आणि उजवी एकदम उभी. छेदबिंदूचा अर्थ तोच राहतो, पण रेघांची ठेवण पाहून कोण कुठे होतं ते ओळखता येतं.

खऱ्या मीटरवर आकडे थोडे कमी दिसतील. वरचे ३५०, ७६ वगैरे आकडे आयन एकमेकांपासून खूप दूर असतानाचे आहेत. ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाची मोलर वाहकता २५ अंशांना ४२६ नसून सुमारे ४१२ असते, म्हणून सुरुवातीचं वाचन ४.२६ ऐवजी ४.१२ च्या आसपास येईल. विरुद्ध भाराचे आयन एकमेकांना मागे ओढतात, त्याचा हा परिणाम. त्याने रेघा जरा खाली सरकतात, पण छेदबिंदूवर त्याचा लक्षात येण्याजोगा परिणाम होत नाही.

आता या पद्धतीचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण pH टायट्रेशनची सवय इथे नडते. pH मोजताना एंडपॉइंटजवळ मोठी उडी असते. आपल्या उदाहरणात ४.९ मिलीला pH साधारण ३.७ असतो आणि ५.१ मिलीला १०.३. त्यामुळे तिथे थेंबाथेंबाने जावं लागतं. वाहकतेत तसली उडी नाही. त्याच दोन ठिकाणी (आकारमानाची दुरुस्ती केलेली) वाहकता १.३२ आणि १.३१ असते, मध्ये १.२६. एंडपॉइंटपाशी नाट्यमय असं काही घडत नाही, फक्त दिशा बदलते. pH हा लॉगरिदमवर चालतो, वाहकता संहतीच्या सरळ प्रमाणात चालते, म्हणून हा फरक.

यातून वाचनं घेण्याची रीतच बदलते. एंडपॉइंट डोळ्याने बघायचा नसतो, तो दोन रेघा वाढवून काढायचा असतो. रेघा पक्क्या करतात त्या एंडपॉइंटपासून दूर असलेल्या बिंदूंनी. तळाशी रेंगाळून पाच-पाच थेंबांनी वाचनं घेण्यात वेळ जातो आणि पदरात काही पडत नाही. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना किमान पाच चांगले बिंदू घ्यावेत आणि एंडपॉइंटच्या पुढे जवळपास तेवढंच अंतर जावं जेवढं आधी आलो. आकडा चढायला लागला म्हणून दोन वाचनांत थांबलं तर उजवी रेघ दोन बिंदूंवर तोलली जाते, आणि त्यातला एक जरी चुकला तरी छेदबिंदू सरकतो.

प्रत्यक्ष काम असं चालतं. सेल डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा धुवून घ्यायचा. त्याच्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर काळा थर असतो. तो प्लॅटिनमचाच बारीक भुगा असतो आणि पृष्ठभाग वाढवण्यासाठी मुद्दाम चढवलेला असतो. म्हणून पट्ट्या कागदाने किंवा कापडाने पुसायच्या नाहीत आणि सेल कोरडा ठेवायचा नाही. मीटर सेलला प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह देतो, साधारण एक किलोहर्ट्झच्या आसपास. एकाच दिशेचा प्रवाह दिला असता तर इलेक्ट्रोडपाशी आयन साचले असते, विघटन सुरू झालं असतं आणि मीटर द्रावणाऐवजी ती साचलेली भिंतच मोजत बसला असता.

सेल बीकरमध्ये असा लावायचा, की पट्ट्या पूर्ण बुडतील, नळीला असलेलं वरचं छिद्रही पाण्याखाली राहील आणि आत बुडबुडा अडकणार नाही. चुंबकी ढवळणी फिरताना सेलला लागता कामा नये. दर वेळी १ मिली सोडायचा, नीट ढवळू द्यायचं, वीस-तीस सेकंदांनी आकडा स्थिरावला की लिहायचा. ढवळताना आकडा नाचत असेल तर ढवळणं थांबवून वाचन घ्यावं, पण मग सगळीच वाचनं तशीच घ्यावीत.

सेलचा स्थिरांक माहीत नसेल तरी एंडपॉइंट बरोबर निघतो. स्थिरांक चुकीचा भरला तर सगळे आकडे एकाच पटीने कमी-जास्त होतात, दोन्ही रेघा सारख्याच ताणल्या जातात आणि छेदबिंदूचं मिलीतलं स्थान हलत नाही. पोटॅशियम क्लोराइडच्या ०.०१ मोलर द्रावणाने मीटर तपासून घेणं चांगलंच, २५ अंशांना ते १.४१ मिलिसीमेन्स दाखवायला हवं. पण या कामापुरतं महत्त्व आहे ते स्थिरांक टायट्रेशनच्या मध्येच बदलू नये याला. मध्येच बुडबुडा अडकला, सेल हलला, पट्टी अर्धी उघडी पडली, की स्थिरांक बदलला. याची खूण म्हणजे एका वाचनापासून पुढचे सगळे बिंदू एकदम वर किंवा खाली सरकतात, पण उतार साधारण तसाच दिसतो.

आता सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट: आकारमानाची दुरुस्ती. आपण नुसते आयन घालत नाही, सोबत पाणीही घालतो. त्याने सगळीच संहती घटते, त्या क्लोराइडचीही ज्याला आपण स्थिर धरलं होतं. मीटरला दिसतं ते पातळ झालेलं द्रावण. म्हणून प्रत्येक वाचनाला एकूण आकारमान भागिले सुरुवातीचं आकारमान याने गुणायचं. आपल्या उदाहरणात v मिली ओतले असतील तर गुणक (५० + v) / ५०. काही ठिकाणचे आकडे असे येतात:

| ओतलेले मिली | मीटरवरचं वाचन | दुरुस्त वाचन |
|---|---|---|
| ० | ४.२६ | ४.२६ |
| २ | २.९४ | ३.०६ |
| ४ | १.७२ | १.८६ |
| ५ | १.१५ | १.२६ |
| ६ | १.५७ | १.७६ |
| ८ | २.३७ | २.७५ |
| १० | ३.१३ | ३.७५ |

हे आकडे मोलर वाहकतेवरून गणिताने काढलेले आहेत. मधला स्तंभ पाहिला तर उजव्या बाजूची चढण हळूहळू मंदावताना दिसते: पहिल्या मिलीला ०.४२ ची वाढ, शेवटच्याला ०.३७ चीच. रेघ सरळ नाही, वाकलेली आहे. वाकलेल्या बिंदूंमधून पट्टीने सरळ रेघ ओढली की ती चुकीच्या ठिकाणी जाते. किती चुकते? दुरुस्तीशिवाय ० ते ४ आणि ६ ते १० मिलीच्या वाचनांतून सर्वोत्तम सरळ रेघा काढल्या तर त्या ४.८७ मिलीला भेटतात. म्हणजे प्रत्येक थेंब अचूक मोजूनही उत्तरात अडीच टक्क्यांहून जास्त चूक. दुरुस्त आकड्यांच्या रेघा बरोबर ५.०० मिलीला भेटतात.

दुरुस्तीतही एक खास चूक होते. सुरुवातीचं आकारमान म्हणून पिपेटने घेतलेले १० मिली धरले जातात आणि वरून घातलेलं ४० मिली पाणी विसरलं जातं. आम्लाचे मोल त्या पाण्याने बदलत नाहीत हे खरं, म्हणून एंडपॉइंटच्या हिशेबात पाणी येत नाही. पण दुरुस्तीच्या गुणकात ते आलंच पाहिजे. विसरलं तर डावी रेघ खाली वाकत जाते आणि उजवी वर. दुरुस्ती करूनही रेघा वाकलेल्या दिसल्या, तर आधी हेच तपासा.

हे दुखणं मुळातच कमी करायचं असेल तर ब्युरेटमधलं द्रावण बीकरमधल्यापेक्षा निदान दहापट संहत ठेवतात, जमलं तर वीसपट. बीकरमध्ये ०.०१ मोलर आणि ब्युरेटमध्येही ०.०१ मोलर घेतलं असतं, तर एंडपॉइंटपर्यंत आकारमान दुप्पट झालं असतं आणि रेघांना रेघ म्हणणं अवघड झालं असतं. फार संहत द्रावणाचाही तोटा आहे. १ मोलर घेतलं तर सगळा एंडपॉइंट ०.५ मिलीत उरकतो आणि साध्या ब्युरेटने तेवढं अचूक मोजता येत नाही. तेव्हा सूक्ष्म ब्युरेट लागतं.

छेदबिंदू काढायला हाताने रेघा ओढण्यापेक्षा स्प्रेडशीट बरी. A स्तंभात मिली, B मध्ये वाचन, ० ते १० मिली ओळी २ ते १२ मध्ये. ५ मिलीचा बिंदू, म्हणजे ओळ ७, मुद्दाम वगळलेला आहे:

```
C2:  =B2*(50+A2)/50
E1:  =SLOPE(C2:C6,A2:A6)
E2:  =INTERCEPT(C2:C6,A2:A6)
E3:  =SLOPE(C8:C12,A8:A12)
E4:  =INTERCEPT(C8:C12,A8:A12)
E5:  =(E4-E2)/(E1-E3)
```

C2 मधलं सूत्र C12 पर्यंत खाली ओढायचं. आपल्या उदाहरणात डाव्या रेघेचा उतार उणे ०.६०० आणि आरंभ ४.२६ येतो, उजवीचा उतार ०.४९८ आणि आरंभ उणे १.२३. फरक ५.४९, त्याला उतारांमधल्या १.०९८ ने भागलं की ५.००. आता ५.०० मिली गुणिले ०.१ मोलर म्हणजे ०.५ मिलिमोल, भागिले १० मिली, मूळ आम्ल ०.०५ मोलर. इथे भागायचं ते १० ने, ५० ने नाही. दुरुस्तीत ५० आणि शेवटच्या भागाकारात १०, एवढं पक्कं लक्षात ठेवावं.

मधला बिंदू का वगळला? तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी असताना गणिताने कोपरा अगदी टोकदार यायला हवा, कारण पाण्याचं स्वतःचं आयनन या संहतीपुढे नगण्य आहे. तरी प्रत्यक्षात तळाशी थोडी गोलाई दिसते, आणि तिला बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड जबाबदार असतो. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि त्यात कार्बोनेट तयार होतं. ते बीकरमधल्या जादा आम्लात पडलं की त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. ते इतकं सौम्य आहे की हायड्रोजन आयन भरपूर असताना ते जवळजवळ अभारितच राहतं आणि वाहकतेत दिसत नाही. पण तीव्र आम्ल संपलं, की पुढचा हायड्रॉक्साइड मोकळा राहण्याऐवजी या कार्बोनिक आम्लाशी जुळतो आणि त्याचं बायकार्बोनेट करतो. बायकार्बोनेटची वाहकता फक्त ४५ च्या आसपास. म्हणून त्या पट्ट्यात उतार २४९ च्या नव्हे तर सुमारे ९५ च्या प्रमाणात चढतो, दर मिलीला ०.५ ऐवजी जेमतेम ०.२. पुढे बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतानाही चढण मंदच असते. ते सगळं संपलं की मगच खरी उजवी रेघ सुरू होते.

आलेखावर हे ओळखायचं कसं? दोन रेघांच्या मध्ये एक सपाटसा तुकडा दिसतो, जणू V चा तळ घासून बोथट झालाय. तीव्र आम्ल संपल्याची जागा म्हणजे डाव्या रेघेचा आणि त्या सपाट तुकड्याचा छेद. डावी रेघ थेट उजव्या उभ्या रेघेला भिडवली तर उत्तर जास्त येतं. तुकडा अगदी छोटा असेल तर मधले एक-दोन बिंदू सोडून दिले की पुरतं. मोठा असेल तर द्रावण नव्यानेच बनवावं. त्याची नेहमीची रीत अशी: सोडियम हायड्रॉक्साइडचं साधारण ५० टक्के द्रावण करायचं. इतक्या संहत द्रावणात सोडियम कार्बोनेट जवळजवळ विरघळत नाही, ते तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण अलगद घेऊन उकळून थंड केलेल्या पाण्यात पातळ करायचं, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने त्याची संहती पक्की करायची आणि बाटली घट्ट बंद ठेवायची. डिस्टिल्ड पाण्यात हवेतून येणारा कार्बन डायऑक्साइड साधारण एक लाखांश मोलर असतो, ०.०१ मोलर आम्लापुढे तो सोडून देता येतो. पण आम्लच हजारांश मोलरच्या खाली असेल तर तोही मोजण्यात येतो, आणि तेव्हा पाणी उकळून घेणं टाळता येत नाही.

तापमान ही दुसरी गोष्ट. द्रावणांची वाहकता दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाढते. टायट्रेशनच्या मध्येच, म्हणजे एंडपॉइंटनंतरच्या वाचनांच्या वेळी द्रावण एक अंशाने गरम असेल, तर उजवी रेघ तेवढी वर उचलली जाते आणि आपला छेदबिंदू ५.०० वरून ४.९८ मिलीच्या आसपास येतो. ही अर्धा टक्का चूक. आम्ल-आम्लारीच्या अभिक्रियेत स्वतःची उष्णताही निघते, मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल. आपल्या ०.५ मिलिमोलमध्ये ती २९ ज्यूलच भरते आणि ५५ मिली पाणी जेमतेम एक दशांश अंशाने तापवते, तिची काळजी नको. मात्र दहापट संहत द्रावणं घेतली तर तीच उष्णता सव्वा अंशाच्या घरात जाते. मीटरमध्ये तापमानाची आपोआप दुरुस्ती असली तरी ती बहुधा सगळ्या आयनांना एकच दोन टक्क्यांचा गुणक लावते, आणि हायड्रोजन आयनाचा खरा गुणक त्याहून कमी आहे. बीकर पाण्याच्या टबात ठेवलेलं केव्हाही जास्त भरवशाचं.

रेंज बदलणारा मीटर असेल तर त्याकडेही लक्ष द्यावं. आपल्या उदाहरणात वाचन ४.२६ पासून १.१५ पर्यंत उतरतं आणि परत ३.१३ पर्यंत चढतं, म्हणजे २ मिलिसीमेन्सची सीमा दोनदा ओलांडतं. मीटर २ च्या खाली आपोआप दुसऱ्या रेंजमध्ये गेला आणि दोन रेंज एकमेकांशी तंतोतंत जुळलेल्या नसल्या, तर तळाचे बिंदू एका पायरीने सरकलेले दिसतात. २० मिलिसीमेन्सची एकच रेंज सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरून ठेवावी. शेवटचा दशांश गेला तरी चालेल, रेघ तुटलेली चालणार नाही.

ही पद्धत रंगीत किंवा गढूळ द्रावणात चालते, जिथे दर्शकाचा रंग दिसणारच नाही. तशीच ती फार विरल आम्लातही चालते. पण एका ठिकाणी ती हात टेकते: नमुन्यात दुसरा क्षार भरपूर असेल तर. समजा त्याच ०.०१ मोलर आम्लासोबत बीकरमध्ये १ मोलर सोडियम क्लोराइड आहे. त्या मिठाची एकट्याची वाहकता ८५ मिलिसीमेन्सच्या आसपास असते. आम्लामुळे दर मिलीला होणारा बदल ०.६ चाच, पण १ मिली पाणी वाढल्याने मिठाची वाहकता त्याहून जास्त, दीडपेक्षाही अधिक घटते. उतार बदलतो हे तिथेही खरंच असतं, पण दुरुस्तीतली किंवा तापमानातली किंचित चूकही तो बदल गिळून टाकते. अशा नमुन्याला pH मीटरच लावावा.

सौम्य आम्लाचा आलेख मात्र वेगळ्या तऱ्हेचा असतो. ॲसेटिक आम्लात सुरुवातीला मोकळे हायड्रोजन आयन फारच थोडे असतात, त्यामुळे डावी रेघ किंचित उतरून लगेच हळूहळू चढायला लागते, कारण अभारित आम्लाच्या जागी सोडियम आणि ॲसेटेट तयार होत जातात. एंडपॉइंटला तिथे चढती रेघ जास्त उभी होते, एवढंच. आपल्या V ची डावी बाजू अपेक्षेपेक्षा आडवी निघाली आणि सुरुवातीचं वाचनही फार कमी असलं, तर सोडियम हायड्रॉक्साइडला दोष देण्याआधी बीकरमधलं आम्ल खरंच तीव्र आहे का, हे पाहून घ्यावं.